पगार सांगितला म्हणजे लग्न ठरलं का?

शाहूपुरीची लेक
गेल्या महिन्यापासून तो पैशांवर मोकळं बोलायला लागलाय. पगार सांगितला, आरडी-एफडी दाखवली, कळंब्यात फ्लॅट बघून ठेवलाय. लग्नानंतर हप्ता आणि घरखर्च निम्मा-निम्मा म्हणतो. त्याला ६० हजार, मला ३०. माझं मत स्पष्ट आहे: पुरुष पैशाचं उघड बोलला की तो मनापासून गुंतलाय. अशा मुलावर शंका घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

कर्जाचं टेबल
मी शंका घेणाऱ्यांतली. बँकेत कर्जाच्या टेबलावर बसते, आणि असलं वाचलं की चीड येते, कारण तुझ्यासारख्या पोरी सहीला माझ्यासमोर येतात तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं.

त्यानं तुला दाखवलं ते सगळं जमेकडचं आहे. देणं किती, कुणाचं, हे सांगितलं का? बचत दाखवताना माणसाची मान ताठ असते. कर्ज दाखवताना ती खाली जाते, आणि तरीही तो दाखवतो तेव्हा मी त्याला गुंतलेला म्हणेन.

आता निम्म्याचं बघू. समजा ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता २६ हजारांच्या आसपास. घरखर्च १६ हजार धर. एकूण ४२, वाट्याला २१-२१. त्याच्या हातात ३९ हजार उरतात, तुझ्या हातात ९. त्यातच तुझा फोन, येणं-जाणं, माहेरचं दुखणं-खुपणं. पगाराच्या प्रमाणात वाटलं तर त्याचे २८ आणि तुझे १४. तेव्हा त्याला ३२ उरतात, तुला १६. दोन्ही हिशेब त्याच्यासमोर ठेव आणि तो काय म्हणतो ते ऐक.

आणखी एक. तुझा पगार धरला की कर्ज वाढवून मिळतं, म्हणून तुला सहकर्जदार करतील. पण सहकर्जदार झालं म्हणून कुणी मालक होत नाही. खरेदीखतात नाव नसेल तर हप्ते भरूनही उद्या हक्क सिद्ध करत बसावं लागतं. खरेदीखतात तुझं नाव घालायचं, हे त्यानं आपणहून काढलं का?

रंकाळा वेस
काय बोलालाय ताई तुम्ही? पोरगं सांगत नाही तर लपवतंय, सांगतंय तर अर्धंच सांगतंय. आमच्या वडिलांनी आईला आयुष्यभर पगार सांगितला न्हाई, संसार झालाच की. आणि समानता पाहिजे म्हणता, मग निम्मं-निम्मं म्हटलं तर पोटात का दुखतंय? देण्याचीच काळजी असेल तर त्याचं सिबिल बघा. साडेसातशेच्या वर असलं की विषय संपला.

उचगावची काकू
आमचे हे तर माझी भिशी फुटली की दुसऱ्या दिवशी हिशेब मागतात. मोकळेपणा म्हणून सुरुवातीला मीच सांगत होते. आता माझे पैसे कधी येणार हे त्यांना माझ्याआधी माहीत असतं, त्यांचे कुठं जातात ते मला आजतागायत माहीत नाही. बाई गं, तुझं काहीच सांगू नकोस.

कर्जाचं टेबल
काकू, इथं तो स्वतःचं सांगतोय, तिचं मागत नाहीये. पण एकतर्फी मोकळेपणाचं तुम्ही म्हणता ते मला पटतं.

वसुली विभाग
सिबिलवर विषय संपत न्हाई, रंकाळा वेस. तिथून तो सुरू होतो. कोल्हापुरात माणसाचं खरं देणं कुठं असतं? पतसंस्थेत. आणि पतसंस्थेचं कर्ज बहुतेक वेळा सिबिलवर येतच नाही. बँकेत कुणाला जामीन असेल तर रिपोर्टात दिसतं. गल्लीतल्या पतसंस्थेत दोस्ताला जामीन राहिलेला असेल तर पत्ता लागत नाही. म्हणून पोरीनं एकच प्रश्न विचारायचा: तू कुणाकुणाला जामीन आहेस?

रंकाळा वेस
म्हणजे आता दोस्ताला जामीन राहणं पण गुन्हा? आम्ही एकमेकांच्या सह्यांवरच उभे राहिलोय. माझ्या दुकानाला दोघं जामीन होते, म्हणून आज दुकान आहे. आणि पहिल्यांदा कर्जदाराला धरतात, जामीनदाराला मागनं.

वसुली विभाग
इथंच चुकतंय सगळ्यांचं. पहिला आणि मागनं असं काही नसतं. कर्जदाराची जितकी जबाबदारी तितकीच जामीनदाराची, संस्था दोघांपैकी कुणालाही धरू शकते. आणि धरते कुणाला? ज्याचा पगार ठरल्या तारखेला जमा होतो त्याला.

माझा थोरला भाऊ नोकरदार. मित्राच्या टेम्पोसाठी ४ लाखांना जामीन राहिला. मित्रानं थोडे हप्ते भरले आणि थांबला. संस्थेनं सहकार कायद्यातल्या कलम १०१चा वसुली दाखला काढला. पगार कपातीच्या संमतीपत्रावर भावाची सही आधीच घेतलेली होती. कपात सुरू झाली. वहिनीला कळलं ते पगाराची स्लिप बघून. तिला पैसे गेल्याचं दुःख झालं, पण त्यानं सही केली तेव्हा तिला विचारलं नव्हतं, हे ती अजून विसरलेली नाही. मी रोज दुसऱ्यांच्या घरी वसुलीला जातो आणि माझ्याच घरात हे झालं.

रंकाळा वेस
वाईट झालं. पण तुमच्या भावाचा मित्र बुडवा निघाला म्हणून सगळे दोस्त बुडवे होत न्हाईत. आणि लई भीती वाटली तर जामीन काढून घ्यायचा.

वसुली विभाग
मनात आलं म्हणून निघत नाही. दुसरा जामीनदार द्यावा लागतो आणि संस्थेनं तो मान्य करावा लागतो. कर्ज थकल्यावर तर कोण नवा माणूस सही करेल? जामीनदारानं भरलेले पैसे कर्जदाराकडनं वसूल करायचा हक्क त्याला कायद्यानं आहे, पण ज्यानं संस्थेचे भरले नाहीत तो तुमचे कुठनं भरणार?

रंकाळा वेस
बरं बाबा, जामीनाचं विचारा. तेवढं तुमचं खरं. पण ते लग्नाच्या आधी पोरीनं विचारायचं, हे मला अजून पटत न्हाई. पोरगं म्हणेल, ही माझी चौकशी करालीय.

कर्जाचं टेबल
मग तिनं स्वतःचं आधी सांगावं. पगार, शिल्लक, मोबाईलचा हप्ता, घरी आईला देते ती रक्कम. त्यावर त्याला चौकशी वाटली तर तेही लग्नाआधी कळलेलं बरं.

शाहूपुरीची लेक
काल विचारलं. माझं सगळं आधी सांगितलं, आईला दर महिन्याला पाच हजार देते तेही. मग जामीनाचं विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही. एका मित्राला पतसंस्थेत जामीन आहे म्हणाला, अडीच लाखांचं कर्ज. “ते माझं कर्ज नाही म्हणून सांगितलं नाही.” तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

उचगावची काकू
सगळे असंच म्हणतात.

रंकाळा वेस
बघा, विचारल्यावर सांगितलंच की! लपवायचं असतं तर नाही म्हणाला असता. तुम्हाला कळलं पण नसतं.

कर्जाचं टेबल
हे मात्र मान्य. नाही म्हणणं सोपं होतं. त्याच्या बाजूनं मी हे जमेला धरते. पण न विचारता सांगितलं असतं तर जास्त धरलं असतं.

वसुली विभाग
संस्थेत जाऊन त्या कर्जाचा खातेउतारा मागा म्हणावं, जामीनदार म्हणून तो मागू शकतो. हप्ते वेळच्या वेळी जातायत का ते एका कागदावर दिसेल. दोन-तीन हप्ते थकलेले असतील तर फ्लॅटचं पुढं ढकला, कारण उद्या कपात लागली तर तुमच्या २६ हजारांच्या हप्त्यालाच भोक पडणार.

शाहूपुरीची लेक
सोमवारी उतारा आणतो म्हणालाय. खरेदीखतात दोघांची नावं घालूया असंही म्हणाला, पण ते मी विचारल्यावर. २८ आणि १४ चा हिशेब अजून काढलेला नाही. त्याच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, एवढं सांगते.

रंकाळा वेस
बदलू पण नकोस.

कर्जाचं टेबल
उतारा बघून मग ठरव. आणि २८-१४ चं सही करायच्या आधी काढ.