मदत हवी आहे: दशांश माप सुतात बसवताना बेरीज चुकते

३६ इंची पट्टीवर ७ सारखे भाग आखायचे आहेत. एक भाग ५.१४२८५७ इंच. शीटमध्ये जवळचा सोळांश काढतो:

```
=ROUND(A2*16,0)/16
```

उत्तर ५ १/८ येतं, म्हणजे पाच इंच एक सूत. पण असे सात भाग जोडले की ३५ ७/८ होतात, शेवटी अख्खं सूत उरतं! प्रत्येक वेळी थोडं थोडं खाली गेल्यामुळे चूक साठते.

म्हणून आता सुरुवातीपासूनचं अंतर आधी जोडून मगच पूर्णांकित करतोय. तिसरी खूण १५.४२८६ वर, म्हणजे १५ ७/१६. सातवी बरोबर ३६ वर. काही भाग मात्र अर्ध्या सुताने मोठे होतात.

भाग असमान असले तरी हीच रीत चालेल का? अशा यादीसाठी सूत्र कसं लिहायचं?