मदत हवी आहे : कथेतल्या कारकुनाला स्वतःची चूक कशी कळावी?

मी एक लघुकथा लिहितोय. त्यातल्या कारकुनाने अर्ज तपासायला छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. लोक आडनाव गाळतात म्हणून त्याने हा नियम घातला:

```python
if len(naav.split()) < 2:
    return "नामंजूर"
```

एका बाईंचं नाव फक्त ‘कमल’. ओळखपत्रावरही तेवढंच. कागदपत्रं चोख, तरी अर्ज नामंजूर. नामंजूर अर्ज कारकुनाच्या टेबलावर येतच नाहीत, त्यामुळे त्याला पत्ताच नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

शेवटी बाई ‘कमल कमल’ असं भरतात. स्क्रिप्ट पास करते, पण आता नाव ओळखपत्राशी जुळत नाही. हा अर्ज मात्र पडताळणीसाठी त्याच्या हातात येतो आणि तो त्या दोनदा लिहिलेल्या नावाकडे बघत बसतो.

अशी कामं केलेल्यांनी सांगा, एवढ्यावरून त्याला आपल्या नियमाचा संशय येईल, की लॉगमध्ये त्याच जन्मतारखेचा आधीचा नामंजूर अर्ज सापडायला हवा? आणि तो नियम काढून टाकेल, की "नामंजूर"च्या जागी "माणसाने पाहावे" लिहील? मला दुसरं पटतंय, कारण आडनाव खरंच गाळणारेही आहेतच.