'राखीव साठा' की आणखी काही? आणि लोडिंगला काय लिहायचं?

रेघपाटी
अकाउंट्सच्या एका सराव-पुस्तिकेचं मराठी करतेय, विभागीय खात्यांवर अडकलेय. एक विभाग दुसऱ्याला माल देतो तो मूळ खर्चावर २५ टक्के चढवून, आणि वर्षाखेरीला त्यातला जो माल दुसऱ्याकडे पडून असतो त्यात पहिल्याने लावलेला नफा अडकलेला असतो, म्हणून स्टॉक रिझर्व्ह करतात. मी त्याला 'राखीव साठा' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहून पाठवलं, "राखीव साठा म्हणजे अडीअडचणीला बाजूला ठेवलेला माल. इथे कुठला माल बाजूला ठेवलाय?" शिवाय अनरिअलाइज्ड प्रॉफिटला आधीच्या प्रकरणांत 'अवास्तव नफा' छापलंय, तेही खटकतंय. काय करू?

हिशेबी_मावशी
अवास्तव नफा म्हणजे दुकानदाराने अव्वाच्या सव्वा लावलेला नफा! अवास्तव मागण्या, अवास्तव अपेक्षा म्हणतो तसा. इथे नफा वाजवी आहे, फक्त अजून पदरात पडलेला नाही. काढून टाका तो शब्द आधी.

डोंगरवाट
लोडिंगला 'भरणी' चालेल ना? माल गाडीत भरतात, उतरवतात, त्याची हमाली लागते. ती मालाच्या खर्चात धरतातच.

खतावणी
डोंगरवाट, हे लोडिंग गाडीत भरायचं नाही हो, भावावर चढवायचं आहे. हमाली खरा खर्च आहे, पैसे खिशातून जातात. हा चढ नुसता कागदावर आहे, एका विभागाच्या खिशातून त्याच मालकाच्या दुसऱ्या खिशात. म्हणून तर तो शेवटी काढून टाकायचा.

रेघपाटी, तुमच्या पुस्तिकेतलं एखादं उदाहरण टाका ना, शब्द आकड्यांत बसवून बघू.

रेघपाटी
हे घ्या. 'अ' कडून 'ब' ला वर्षभरात ३,००,००० चा माल गेला, खर्चावर २५ टक्के चढवून. 'ब' ने त्यावर स्वतःची मजुरी वगैरे १,००,००० घातली. वर्षाखेरीला 'ब' चा शिल्लक साठा ८०,०००. किती रिझर्व्ह?

जमा_नावे
सोपंय. ८०,००० सगळा 'अ' चा नाही, एकूण ४ लाखांत 'अ' चे ३ म्हणजे पाऊण हिस्सा, ६०,०००. त्याचे २५ टक्के १५,०००. झालं.

खतावणी
पाऊण हिस्सा काढलात ते बरोबर, अर्धे लोक तिथेच आपटतात. पण १५,००० चूक. ६०,००० हा चढवल्यानंतरचा आकडा आहे. १०० चा माल १२५ ला गेला, तेव्हा १२५ मध्ये २५ नफा, म्हणजे पाचवा हिस्सा. ६०,००० चा पाचवा हिस्सा १२,०००. ताळा करून बघा, १२,००० काढले की उरतात ४८,००० आणि त्याचे २५ टक्के बरोब्बर १२,०००. तुमच्या १५,००० ने साठा ४५,००० वर येतो, म्हणजे मूळ खर्चाच्याही खाली.

अर्थात हे पाऊण प्रमाण शिल्लक माल याच वर्षीचा आहे असं धरून. गेल्या वर्षीचा माल अजून पडून असेल तर तो वेगळा काढायचा.

जमा_नावे
मान्य, पण गफलत भाषेने केली. पुस्तकांत 'किमतीवर २५ टक्के' लिहितात, आता किंमत म्हणजे खरेदीचा खर्च की विक्रीचा भाव? मराठीत दोन्हीला किंमतच. खर्चावर २५ टक्के आणि विक्रीच्या भावावर २५ टक्के यात जमीन-अस्मानाचा फरक, दुसऱ्या बाबतीत माझे १५,००० बरोबर ठरले असते.

हिशेबी_मावशी
हा मुद्दा खरा. रेघपाटी, 'किमतीवर' कुठेच लिहू नका. 'मूळ खर्चावर चढ' किंवा 'हस्तांतर भावात चढ' असं दरवेळी स्पष्ट. लोडिंगला 'चढ' मस्त आहे, छोटा आणि बोलीतला.

शुद्धमती
'चढ' पाठ्यपुस्तकात? तिथे 'अधिभार' लिहा.

खतावणी
अधिभार म्हटलं की सरचार्जच डोळ्यापुढे येतो, करावरचा. आणि तो कुणालातरी खरोखर भरावा लागतो. इथे कोणी काही भरत नाही.

वामकुक्षी
मी अनरिअलाइज्डला 'न वटलेला नफा' सुचवतो. हुंडी वटते, चेक वटतो, तसा माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकला की नफा वटतो. फायदा असा की साठ्याच्या मूल्यमापनाचा नियम पण त्याच शब्दात बसतो, मूळ खर्च किंवा वटेल ती किंमत, यातली कमी ती.

शुद्धमती
चेक वटतो, नफा वटत नाही. 'अप्राप्त नफा' म्हणा.

वामकुक्षी
अप्राप्त म्हणजे मिळालाच नाही असं वाटतं. हा मिळणार आहे, माल खपला की. बाय द वे 'त्याची इथे वट आहे' मधली वट पण यातलीच असणार, ज्याचा शब्द वटतो त्याची वट.

हिशेबी_मावशी
असणार म्हणजे तुम्हाला वाटतं म्हणून 😀

किल्ली
शब्द राहू दे, माझं दुखणं ऐका. मी जिथे होतो तिथे विभागप्रमुखांना नफ्यावर कमिशन होतं. देणाऱ्या विभागाचा साहेब मार्च आला की धडाधड माल पुढच्या विभागात ढकलायचा, त्याचा नफा फुगायचा, कमिशन घेऊन मोकळा. माल आमच्या गोदामात धूळ खात. आणि रिझर्व्ह कापला आमच्या विभागातून, कारण म्हणे साठा तुमच्याकडे आहे!

खतावणी
अन्याय झाला तुमच्यावर. एरवी रिझर्व्ह कुठल्याच विभागाला न लावता सामाईक नफा-तोटा खात्याला नावे टाकतात आणि ताळेबंदात साठ्यातून वजा करतात. कमिशन काढायचं असेल तेव्हा मात्र ज्याने नफा दाखवला त्याच्याच नफ्यातून वजा, म्हणजे देणाऱ्याच्या.

आणि दरवर्षी पूर्ण रक्कम नाही, फक्त फरक पडतो. समजा रेघपाटींच्या 'ब' कडे वर्षाच्या सुरुवातीला 'अ' चा ४२,००० चा माल होता आणि गेल्या वर्षी चढ २० टक्के होता. तर सुरुवातीचा रिझर्व्ह ७,०००, सहावा हिस्सा. तो परत जमा, अखेरचा १२,००० नावे, निव्वळ ५,०००. यंदाच्या दराने सुरुवातीचा काढलात तर ८,४०० येईल आणि गेल्या वर्षीच्या ताळेबंदाशी जुळणारच नाही. न जुळलं की समजायचं कुठे घसरलो ते.

शुद्धमती
साठ्यातून वजाच करायचा तर त्याला राखीव का म्हणता? राखीव म्हणजे नफा वाटून झाल्यावर मागे राखलेला. ही 'तरतूद' आहे, बुडीत कर्जाची असते तशी. 'साठ्यावरील तरतूद' लिहा.

खतावणी
राखीव नाही इथवर पटलं. तरतूद पूर्ण पटत नाही. बुडीत कर्जात नुकसानीची भीती असते, इथे भीती कसलीच नाही, नफा फक्त लवकर धरलाय.

रेघपाटी
मग 'साठ्यातील न वटलेल्या नफ्याची वजावट' लिहू का? तक्त्याच्या रकान्यात मावणार नाही पण.

जमा_नावे
रकाना रुंद करा. माझी शंका वेगळीच, 'ब' ने तोच माल आणखी चढवून 'क' ला दिला तर 'क' च्या साठ्यात दोघांचे चढ. आधी कोणाचा काढायचा?

खतावणी
मागून पुढे नाही, पुढून मागे. आधी 'ब' चा चढ काढा, उरलेल्यात 'अ' चा हिस्सा प्रमाणाने शोधा, मग त्यातला चढ.

किल्ली
आणि कमिशन दोघांचं कापायचं ना? की पुन्हा ज्याच्याकडे साठा त्याचंच?

शुद्धमती
'कमिशन' ला 'अडत' शब्द आहे मराठीत.

हिशेबी_मावशी
अडत दलालाला देतात हो, नोकरीतल्या साहेबाला नाही! आता यावर नवा धागा काढा.