स्नेक प्लांट आणि कोरफडीची पिल्लं वेगळी करताना : तुमचे अनुभव

पडवीकर
शेजारी स्नेक प्लांटनं प्लास्टिकची कुंडी उभी चिरलेली बघितली नि परसातली तशीच जुनी कुंडी आठवली. आठ इंची कुंडी, चौदा कोंब. आठवडाभर पाणी तोडायचं. मग कुंडी आडवी धरून दाबत दाबत फिरवायची, पानं धरून ओढायचं नाही. माती झटकली की आल्यासारखे जाड पिवळट कंद दिसतात. दोन कोंबांच्या मधे कंद बारीक होतो, तिथे स्पिरिटनं पुसलेल्या सुरीनं एकच काप. प्रत्येक भागाला दोन-तीन कोंब आणि स्वतःची मुळं हवीत. चौदांचे पाच भाग, जास्त नकोत. तुमचं कसं झालं?

सुमाताई, मालवण
माझ्या पानाच्या तुकड्यांना कोंब आले पण पिवळी किनार गेली हो! खत कमी पडलं का?

पडवीकर
ताई, खताचा संबंध नाही. पानापासून केलेलं रोप हिरवंच येतं. किनार हवी तर कंदच कापून वेगळा करायचा.

बागवेडा
कापाला हळद लावा, लगेच लावा, भरपूर पाणी. सोप्पं.

दापोलीची माई
हळद चालेल रे बाबा, पण लगेच पाणी नको. ओला काप मातीत गेला की तिथूनच कूज चढते. काप हाताला सुकलेला, खपलीसारखा लागला पाहिजे. डिसेंबरात सावलीत दोन-तीन दिवसांत होतो. श्रावणात आठवडा झाला तरी ओलाच, हवाच दमट. म्हणून आपल्याकडे नवरात्रानंतरच हात घालायचा. लावल्यावरही आठवडाभर कोरडं ठेवायचं.
कूज ओळखायची तर पान बुडाशी दाबा. मऊ लागलं, वास आला, की उपटून निरोगी पांढऱ्या भागापर्यंत कापा नि परत वाळवा.

नाखवा
जेवण चुलीवर आहे, पटकन लिहितो. किनाऱ्यावरची रेती घालू नका, खारट असते. नदीची घ्या. निम्मी माती, निम्मी रेती नि जांभ्याची बारीक खडी.

बागवेडा
नारळाच्या सोडणाचे तुकडे घालतो मी, मस्त वाढतात.

दापोलीची माई
घरात चालत असतील. पावसात पागोळ्यांखाली सोडण दिवसच्या दिवस ओलं राहतं.

बागवेडा
माझ्याकडे पत्रा आहे वर, अजून कुजलं नाही काही.

चिपळूणकरीण
कोरफडीचं कोणीच बोललं नाही. पिल्लू तीन-चार इंचांचं झालं, उपसलं की स्वतःची मुळं दिसली, तरच तोडा. आईला जोडणारा देठ सुरीनं कापायचा, पिळायचा नाही. लावताना पानांचा गाभा मातीच्या वर हवा, आत पाणी साचलं की मधलं पान अलगद हातात येतं. मूळ न आलेलं पिल्लूही वाळवून कोरड्या रेतीत ठेवलं तर धरतं, पण महिना लागतो, तेवढं थांबा.

सुमाताई, मालवण
म्हणजे आता जुलैत काहीच करायचं नाही? कुंडी फुटली तर?

दापोलीची माई
अख्खा गड्डा तसाच मोठ्या कुंडीत बसवा, काप न देता. दोन इंच मोठी पुरे.

नाखवा
माई, पिवळ्या किनारीचा एक भाग दिवाळीत ठेवाल काय? येतो न्यायला.