प्रतिसाद: क्रेमरने x = 1, इनव्हर्सने x = 29/11

> x + 2y + z = 8, 2x − y + 3z = 9, x + y − z = 0. डिटरमिनंट दोन्हीकडे 11 येतो, क्रेमरने उत्तर 1, 2, 3 येतं, पण इनव्हर्सने x = 29/11. कुठे चुकतंय?

कोफॅक्टर बरोबर काढलेत, ट्रान्सपोज राहिलाय. 29/11 नेमकं तसंच येतं. कोफॅक्टर मॅट्रिक्स आणि तिचा ट्रान्सपोज, म्हणजे अ‍ॅडजॉइंट, असे आहेत:

```
C = -2  5  3     adj A = -2  3  7
     3 -2  1              5 -2 -1
     7 -1 -5              3  1 -5
```

C च्या पहिल्या ओळीने (8, 9, 0) ला गुणलं की −16 + 45 = 29. adj A च्या पहिल्या ओळीने −16 + 27 = 11, आणि 11 ने भागल्यावर x = 1. तसंच y = 22/11 = 2, z = 33/11 = 3.

अशी चूक पकडायला A × adj A करून बघतात: कर्णावर |A|, बाकी सगळीकडे शून्य यायला हवं. पण या गणितात एक फसवी गोष्ट आहे. A ची पहिली ओळ आणि पहिला स्तंभ दोन्ही (1, 2, 1) आहेत. त्यामुळे चुकून C वापरलं तरी गुणाकाराची पहिली ओळ 11, 0, 0 अशी अगदी बरोबर दिसते आणि आपण तिथेच थांबतो. दुसरी ओळ तपासा: (2, −1, 3) ला C च्या पहिल्या स्तंभाने गुणलं तर −4 − 3 + 21 = 14 येतं. adj A च्या पहिल्या स्तंभाने −4 − 5 + 9 = 0.

A सममित असेल तर ट्रान्सपोज विसरूनही उत्तर बरोबरच येतं, म्हणून आधीच्या एखाद्या गणितात हे लक्षात आलं नसेल.