‘पुट’च्या पुढे ‘डझन्ट’ की ‘डिडन्ट’?

पाटीपेन्सिल : मुलगी आठवीत आहे. चाचणीत वाक्य होतं, ‘ही पुट द की ऑन द शेल्फ’, आणि त्याला क्वेश्चन टॅग लावायचा होता. तिने ‘डझन्ट ही?’ लिहिलं, बाईंनी ते खोडून ‘डिडन्ट ही?’ केलं. तिचं म्हणणं, पुटचा भूतकाळही पुटच, मग वाक्यात काळ कुठे दिसतो? मला सांगता आलं नाही. मराठीत आपलं एका ‘ना’वर भागतं : ठेवली ना, ठेवतो ना, ठेवेल ना.

रानवारा : मुलीचं बरोबर आहे. पुट, कट, हिट यांची तिन्ही रूपं सारखीच. दोन्ही उत्तरांना गुण मिळायला हवेत. बाईंशी बोला.

जुना फळा : रूपं सारखी आहेत हे खरं, पण कर्ता बघा. कर्ता ‘ही’ आहे. वर्तमानकाळ असता तर ‘ही पुट्स’ झालं असतं. शेवटचा ‘स’ लागलेला नाही, म्हणजे वाक्य भूतकाळातलंच. बाईंचं उत्तर बरोबर. ‘ही’च्या जागी ‘दे’ असतं तर मात्र रानवारा म्हणतात तसं दोन्ही चाललं असतं आणि ‘येस्टरडे’ किंवा ‘एव्हरी डे’सारखा शब्द शोधावा लागला असता.

मी वर्गात एकच करायला लावायचो : टॅगचा विचार करण्याआधी वाक्य नकारार्थी करून मोठ्याने म्हणा. ‘ही डिडन्ट पुट द की.’ वाक्यात न दिसणारं ‘डिड’ तिथे आपोआप बाहेर येतं. तेच उचलून शेवटी ठेवायचं.

मोगरा : ‘ना’ सगळीकडे चालतो हे मला पटत नाही. ‘किल्ली ठेवली ना?’ म्हणणाऱ्याला ठेवल्याची जवळजवळ खात्री असते. ‘ठेवली का?’ म्हणणाऱ्याला काहीच माहीत नसतं. दोन्ही एक कसे?

पाटीपेन्सिल : मोगराताई, मी इंग्रजीतल्या टॅगबद्दल विचारत होते. पण हा फरक मुलीला नक्की सांगेन, कारण टॅगही बहुतेकदा खात्री असताना लावतात.

खाडीपलीकडे : माझा अनुभव उत्तराच्या बाजूचा आहे. मी परदेशात नर्स आहे. पहिल्याच महिन्यात सीनियरने पेशंटकडे बोट दाखवून विचारलं, ‘यू हॅवन्ट गिव्हन हिम द टॅब्लेट, हॅव यू?’ मी म्हटलं, ‘येस.’ माझ्या मनात होतं, हो, नाही दिली. तिने ऐकलं, दिली. चार्टवर सही नव्हती म्हणून तिने पुन्हा विचारलं, नाहीतर त्या पेशंटची गोळी चुकली असती. तेव्हापासून मी नुसतं येस किंवा नो म्हणत नाही. ‘नो, आय हॅवन्ट’ असं पूर्ण म्हणते.

जुना फळा : इथेच आपली माणसं अडकतात. आपला ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला असतो : तुम्ही म्हणता ते खरं, नाही दिली. इंग्रजीतला ‘येस’ आपल्याच पुढच्या क्रियापदाला बांधलेला असतो. गोळी दिली नसेल तर प्रश्न कसाही विचारलेला असो, उत्तर ‘नो’च.

दुसरं म्हणजे, आपण उत्तरात मुख्य क्रियापद परत म्हणतो. ‘दिली का?’ ‘दिली.’ म्हणून मुलं ‘येस, आय गेव्ह’ लिहितात. इंग्रजी ऐकणारा ‘येस, आय डिड’ची वाट बघत असतो. ‘डिड’ने विचारलं तर ‘डिड’ने, ‘हॅव’ने विचारलं तर ‘हॅव’ने.

पाटीपेन्सिल : नकारार्थी करायची युक्ती तिला जमली. आता ती विचारते, ‘हीज पुट द की’ असेल तर ‘इझन्ट ही?’ ना?

जुना फळा : नाही, ‘हॅझन्ट ही?’ त्या ‘ज’मध्ये इज आहे की हॅज, हे पुढच्या शब्दावरून कळतं. ‘हीज पुटिंग’ असेल तर इज. पुढे तिसरं रूप असेल तर बहुतेक वेळा हॅज. ‘हीड’चंही तसंच : ‘हीड गॉन’मध्ये हॅड, ‘हीड गो’मध्ये वुड. पण ‘हीड पुट द की’ एकटं वाचलं तर हॅड की वुड, मलाही सांगता येणार नाही. तिथे तुमच्या मुलीची शंका अगदी रास्त आहे. आजूबाजूची वाक्यं वाचल्याशिवाय टॅग लावू नये.

रानवारा : ‘ही’चा ‘स’ माझ्या लक्षात आला नव्हता, मान्य. पण मग ‘शी हॅज अ कार’चं काय? आम्हाला ‘हॅझन्ट शी?’ शिकवलं, मुलाच्या क्लासमध्ये ‘डझन्ट शी?’ सांगतात.

जुना फळा : दोन्ही आहेत. ‘हॅझन्ट’ जुन्या ब्रिटिश वळणाचं, आज सर्रास ‘डझन्ट’. मात्र ‘शी हॅज बॉट अ कार’ला ‘हॅझन्ट’च, तिथे पर्याय नाही.

रानवारा : मग परीक्षेत मुलाने कोणतं लिहायचं?

पाटीपेन्सिल : आमच्या बाईंना उद्या विचारते. त्या काय म्हणतात ते इथे लिहीन.