अनुभव धागा: कंपनीने टीडीएस दुसऱ्याच रेजीमने कापलाय, रिटर्नमध्ये पर्याय बदलताना काय काय येतं?

जमाखर्च
फॉर्म १६ हातात पडले की दरवर्षी हाच विषय निघतो, आणि यंदा ऑफिसात तो पुन्हा ऐकला म्हणून धागा काढतेय. २०२४-२५ च्या रिटर्नची मुदत २०२५ मध्ये सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण मुदत कधीचीही असो, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. कारण खाली येईलच.

२०२३-२४ पासून नवी रेजीम, म्हणजे नवी करप्रणाली, आपोआप लागू असते. एप्रिलमध्ये कंपनी विचारते, तेव्हा उत्तर दिलं नाही तर नव्या दरानेच टीडीएस कापावा, असं आयकर विभागाच्या २०२३ च्या परिपत्रकात आहे. त्याच परिपत्रकात असंही आहे की कंपनीला कळवणं म्हणजे कायद्याने पर्याय निवडणं नव्हे. तो निवडायचा रिटर्नमध्ये. फक्त पगार असलेल्यांसाठी ही निवड दरवर्षी नव्याने होते.

पुण्यातलं एक उदाहरण घेऊ, वर्ष २०२४-२५. पगार १५ लाख, त्यात बेसिक महिना ६०,०००, घरभाडे भत्ता म्हणजे एचआरए २४,०००, भाडं २५,०००. कंपनीने नव्या रेजीमने कापलं: १५ लाखांतून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन, उरले १४,२५,०००, सेससकट कर १,३०,०००.

आता जुनी. भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा केले की २,२८,००० उरतात. मिळालेला एचआरए आणि बेसिकचे ४० टक्के हे दोन्ही २,८८,००० आहेत, तिन्हींत सर्वांत कमी ती सूट, म्हणून २,२८,००० ची. त्यात स्टँडर्ड ५०,०००, प्रोफेशनल टॅक्स २,५००, ८०सी चे दीड लाख, मेडिक्लेम २५,००० आणि एनपीएसचे जादा ५०,०००. करपात्र ९,९४,५००, कर सेससकट १,१५,८६०. म्हणजे १४,१४० परत.

पोर्टलवर सुरुवातीलाच `Opting out of new tax regime?` असा प्रश्न येतो. तिथे `No` आधीच असतं, जुनी हवी तर `Yes` करायचं. हे आधी करा. नाहीतर पुढे ८०सी चे रकाने उघडत नाहीत आणि माणूस तासभर शोधत बसतो.

आपापले अनुभव लिहा, कुठे अडकलात तेही.

मृद्गंध
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. `Yes` केल्यावर पगाराच्या पानावर एचआरएची सूट कोरीच दिसते, कारण कंपनीने फॉर्म १६ मध्ये ती दिलेलीच नसते. ती आपण घालायची. २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये तिथे वेगळा तक्ता आहे: कामाचं शहर मेट्रो की बिगरमेट्रो, मिळालेला एचआरए, भरलेलं भाडं, बेसिक. फॉर्म १६ वर बेसिक सुटं दिसत नाही, त्यामुळे १२ पगारपत्रकं काढून बेरीज करावी लागते. ८०सी मध्येही आता पॉलिसी किंवा खात्याचा क्रमांक मागतात, मेडिक्लेमला विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक. कागद समोर घेऊन बसा.

पांथस्थ_७७
माझ्या माहितीप्रमाणे कंपनीने एकदा रेजीम लावली की वर्ष संपल्यावर बदल होत नाही. एचआरला मेल करून फॉर्म १६ सुधारून घ्यावा लागतो, आणि सोबत १०-आयईए फॉर्म भरावा लागतो.

जमाखर्च
@पांथस्थ_७७ वर्षभरात कंपनी रेजीम बदलू देईल की नाही हे तिच्या धोरणावर असतं, तेवढं बरोबर. पण फॉर्म १६ सुधारायची गरज नाही. कंपनीने तेव्हा असलेल्या माहितीवर कापलं, ते तिच्या जागी योग्यच आहे. फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये नव्या रेजीममधून बाहेर पडण्यासमोर `NO` दिसतं आणि रिटर्नमध्ये आपण `Yes` करतो, ही विसंगती चालते. आणि १०-आयईए हा धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांसाठी आहे.

खारूताई
१०-आयईएबद्दल थोडं. पगाराबरोबर फ्रीलान्सचं काम किंवा फ्युचर्स-ऑप्शन्स असतील तर तुम्ही व्यवसायवाल्यांत मोडता, रिटर्न ३ किंवा ४ नंबरचं. मग जुनी हवी तर हा फॉर्म रिटर्नच्या मुदतीत भरावाच लागतो, आणि त्याचा पावती क्रमांक रिटर्नमध्ये लागतो. शिवाय अशांना दरवर्षी उड्या मारता येत नाहीत. जुनीत जाऊन नवीत परत आलं की पुन्हा जुनीत जाता येत नाही, जोवर व्यवसायाचं उत्पन्न आहे तोवर. वर्षात दोन-चार एफअँडओचे सौदे केलेला पगारदार हे विसरतो आणि १ नंबरचं रिटर्न भरून मोकळा होतो.

पांथस्थ_७७
बरं, म्हणजे पगारदाराला नाही. धन्यवाद, गेल्या वर्षी कुणीतरी तसंच सांगितलं होतं.

रानवाट
माझं उलटं आहे. आधीच्या वर्षी जुनी निवडली होती तीच कंपनीने पुढे चालू ठेवली. पगार १० लाख, ८०सी दीड लाख, भाडं नाही. आता काय?

जमाखर्च
@रानवाट जुनीने कंपनीने ८ लाखांवर ७५,४०० कापले असतील. नवीने ७५,००० वजा करून ९,२५,००० राहतात आणि कर ४४,२०० येतो. म्हणजे ३१,२०० परत. प्रश्नाला `No` ठेवा, बाकी काही नको. फक्त फॉर्म १६ मधून भरून आलेली ८०सी ची रक्कम गेली का आणि स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० चं ७५,००० झालं का, एवढं बघा. एचआरए किंवा एलटीए फॉर्म १६ मध्ये सूट म्हणून वजा झालेलं असेल, तर नवीत ते परत उत्पन्नात येतं.

निळी_शाई
एनपीएसचं लक्षात ठेवा हो. कंपनी स्वतः जे भरते त्याला नव्या रेजीममध्ये बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण खासगी कंपनीच्या नोकराला जुनीत १० टक्केच. कंपनीने नवी धरून १४ टक्के वजा केलेले असतील आणि तुम्ही जुनी निवडली, तर वरचे ४ टक्के करपात्र होतात. वर जमाखर्चच्या उदाहरणातल्या बेसिकवर ते २८,८०० होतील. तुलना करताना हे बहुतेकांचं सुटतं.

मृद्गंध
हे माहीत नव्हतं! लगेच बघते. प्रोफेशनल टॅक्सचंही तसंच. नवीत तो वजा होत नाही म्हणून फॉर्म १६ मध्ये शून्य असतो, पण पगारातून महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० गेलेले असतात. जुनीत ते घाला.

वाटसरू
नोकरी बदललीय ऑक्टोबरमध्ये. पहिल्या कंपनीने जुनीने कापलं, दुसरीने नवीने. दोन फॉर्म १६ आहेत. कुठली धरायची?

खारूताई
@वाटसरू कुठलीही. दोन्ही ठोक पगार एकत्र करा आणि एकच रेजीम संपूर्ण वर्षाला लावा. दोघांनी स्टँडर्ड डिडक्शन आणि खालच्या स्लॅबचा फायदा वेगवेगळा दिलेला असतो, त्यामुळे बहुधा कर भरावाच लागतो. कापलेला कर वजा जाता १०,००० किंवा जास्त कर उरत असेल आणि त्याचे ९० टक्के आगाऊ कर म्हणून भरलेले नसतील, तर १ एप्रिलपासून महिना १ टक्का व्याज चढतं. म्हणून आधी हिशोब करा, कर भरा, मग रिटर्न.

कडुनिंब
घरमालक पॅन देत नाहीत, त्याचं काय करायचं? मागितलं की भाडं वाढवतो म्हणतात.

मृद्गंध
@कडुनिंब वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर कंपनी पॅन मागते. रिटर्नमध्ये सूट स्वतः घेताना भाडेकरार, पावत्या आणि बँकेतून गेलेलं भाडं असायलाच हवं. रोखीने देत असाल तर पुढे सिद्ध करणं जड जाईल.

निळी_शाई
आईला भाडं देणारेही आहेत. घर खरोखर तिच्या नावावर, भाडं दरमहा खात्यात, आणि तिच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न, एवढं असेल तर चालतं. तिला त्यातले ३० टक्के वजा मिळतात.

जमाखर्च
कडुनिंब यांच्या प्रश्नात खरी जोखीम आहे, म्हणून वरच्याच उदाहरणात बघू. एचआरएची सूट विभागाने नाकारली तर करपात्र १२,२२,५०० होतं आणि जुनीने कर १,८६,४२०. कापलेले आहेत १,३०,०००. म्हणजे १४,१४० परत मिळण्याऐवजी ५६,४२० भरायचे, वर व्याज. फॉर्म १६ मध्ये सूट शून्य आणि रिटर्नमध्ये सव्वादोन लाख असं दिसलं की विचारणा येऊ शकते. भाड्याचा पुरावा कच्चा असेल तर जुनी निवडूच नका.

वाटसरू
मुदत चुकली तर?

जमाखर्च
मग जुनीचा पर्याय गेला. उशिराच्या रिटर्नमध्ये नवीच लागते. म्हणूनच सुरुवातीला शेवटच्या आठवड्याचं म्हटलं.

खारूताई
मुदतीत नवीने भरलं आणि मुदतीनंतर सुधारित रिटर्नमध्ये जुनी करायची, हे चालतं का यावर सल्लागारांत मतं वेगळी आहेत. पर्याय मुदतीतल्या रिटर्नसोबतच द्यायचा, असं कायद्याचं वाचन मला पटतं.

निळी_शाई
मला नाही पटत पूर्ण. सुधारित रिटर्न मूळ रिटर्नची जागा घेतं ना? मूळ वेळेत असेल तर निवड बदलता यायला हवी.

खारूताई
तर्क आहे, पण त्यावर परतावा अवलंबून असेल तर धोका नको. मुदतीच्या आत दोन्ही करून घ्या.

पांथस्थ_७७
मग २०२५-२६ साठी कंपनीला जुनी कळवून टाकतो, दरवर्षीचं झंझट नको.

जमाखर्च
थांबा! २०२५-२६ चे नवे दर वेगळे आहेत. वरचाच १५ लाखांचा पगार आणि त्याच गुंतवणुका धरल्या तर नवीने ९७,५०० येतात आणि जुनीने तेच १,१५,८६०. २०२४-२५ मध्ये जुनी फायद्याची होती, २०२५-२६ मध्ये ती १८,३६० महाग पडेल. आधी स्वतःचे आकडे घालून बघा, मग कळवा.

कडुनिंब
पोर्टलवरच्या एआयएस या वार्षिक माहिती विवरणाच्या पीडीएफचा पासवर्ड काय असतो?

मृद्गंध
पॅन छोट्या लिपीत आणि पुढे जन्मतारीख, मधे जागा नाही. टीडीएस २६एएस या कापलेल्या कराच्या विवरणात पूर्ण दिसतोय ना, तेही तेव्हाच तपासून घ्या, मार्चचा हप्ता उशिरा चढतो कधी कधी.